पॉसिबल आणि पॉप्युलर यांचा नकार वेगळा का?

‘पॉसिबल’ आणि ‘पॉप्युलर’ ही दोन्ही इंग्रजी विशेषणे ‘पी’ या अक्षराने सुरू होतात. तरी नकार करताना पहिल्याचे ‘इम्पॉसिबल’ होते आणि दुसऱ्याचे ‘अनपॉप्युलर’. ‘आर’ने सुरू होणाऱ्या शब्दांचेही तसेच. ‘रिस्पॉन्सिबल’चे ‘इरिस्पॉन्सिबल’, पण ‘रिलायेबल’चे ‘अनरिलायेबल’. ‘योग्य उपसर्ग लावून विरुद्धार्थी शब्द लिहा’ हा प्रश्न सोडवताना मुले शब्दाचे पहिले अक्षर बघतात. ‘पी’ दिसला की ‘इम’, ‘आर’ दिसला की ‘इर’. हा नियम चुकीचा नाही, पण तो अर्धा आहे. त्याच्या आधीची एक पायरी बहुधा शिकवायची राहून जाते.

यादीत अन, इन, इम, इर, डिस आणि नॉन असे सहा उपसर्ग दिलेले असतात. खरे पाहता इम आणि इर हे स्वतंत्र उपसर्ग नाहीत. ती ‘इन’चीच रूपे आहेत. ‘लीगल’चे ‘इल्लीगल’ करणारा ‘इल’ हाही तोच. म्हणजे निवड चौघांतून करायची आहे: अन, इन, डिस, नॉन. आधी या चौघांतला एक ठरवायचा. तो ‘इन’ असेल तरच पहिल्या अक्षराकडे बघायचे.

दुसरी पायरी सोपी आहे आणि मराठी माणसाला तर ती जन्मापासून येते, म्हणून ती आधी पाहू. आपण ‘अंत’, ‘अंग’ आणि ‘आंबा’ हे तिन्ही शब्द एकाच अनुस्वाराने लिहितो, पण बोलताना तो तीन तऱ्हांनी उमटतो. ‘अंत’मध्ये न, ‘अंग’मध्ये ङ आणि ‘आंबा’मध्ये म. पुढे ब येणार म्हणून ओठ आधीच मिटतात आणि अनुस्वाराचा म होतो. संस्कृत व्याकरणात याला परसवर्ण म्हणतात. लॅटिनमध्ये ‘इन’चे हेच झाले. पुढे प, ब किंवा म आला की त्याचा ‘इम’ झाला: इम्पॉसिबल, इम्पर्फेक्ट, इम्पोलाइट, इम्मॉरल. पुढे र आला की न त्या र मध्ये मिसळून गेला: इर्रेग्युलर, इर्रेलेव्हंट. पुढे ल आला की ल झाला: इल्लीगल, इल्लॉजिकल. आपल्याकडे ‘उत्’ आणि ‘लेख’ मिळून ‘उल्लेख’ होतो, तसेच हे. बाकीच्या अक्षरांपूर्वी ‘इन’ बहुधा तसाच राहिला: इनव्हिजिबल, इनकरेक्ट, इनॲक्टिव्ह.

‘अन’ मात्र असा बदलत नाही. ‘अनपेड’, ‘अनरिअल’, ‘अनलकी’ या शब्दांत पुढे प, र, ल असूनही न जागचा हलत नाही. याचे कारण दोघांच्या कुळात आहे. ‘अन’ हा इंग्रजीचा स्वतःचा, जर्मानिक कुळातला उपसर्ग आहे, तर ‘इन’ लॅटिनमधून, पुष्कळदा फ्रेंचमार्गे आला. न मिसळण्याची क्रिया लॅटिनमध्ये होऊन गेली होती आणि इंग्रजीला ते शब्द तयार मिळाले. आणखी मागे गेले तर ‘अन’ आणि ‘इन’ एकाच इंडो-युरोपीय मुळाचे आहेत आणि आपल्या ‘अशक्य’मधला ‘अ’ व ‘अनुचित’मधला ‘अन्’ त्याच मुळातून आले आहेत.

आता पहिली पायरी, म्हणजे अन की इन. ‘इन’ केवळ लॅटिन किंवा फ्रेंच कुळातल्या शब्दांना लागतो. काइंड, फेअर, ट्रू, वाइज, क्लीन या अस्सल इंग्रजी शब्दांना तो कधीच लागत नाही, त्यांना ‘अन’च. उलट बाजूने मात्र नियम इतका कडक नाही. ‘अन’ हा आजही जिवंत उपसर्ग आहे आणि तो लॅटिन शब्दांनाही सहज चिकटतो. ‘पॉप्युलर’ लॅटिनमधून आलेला आहे, तरी तो ‘अन’ घेतो. एकेका शब्दाच्या बाबतीत दोन्ही रूपे शेजारी नांदल्याचेही दाखले आहेत. अमेरिकेच्या 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात माणसाच्या हक्कांना ‘अनएलियनेबल’ म्हटले आहे. आज सर्रास ‘इनएलियनेबल’ लिहितात. म्हणून फक्त कुळ माहीत असून भागत नाही. शब्दाची शेपटी, म्हणजे त्याचा शेवटचा प्रत्यय, जास्त विश्वासाने वाट दाखवतो.

एकाच मुळातून निघालेल्या जोड्या पाहिल्या की हे लख्ख दिसते. जे विभागता येत नाही ते ‘इनडिव्हिजिबल’, पण जे विभागलेले नाही ते ‘अनडिव्हायडेड’. निश्चित नसलेले ते ‘इनडेफिनिट’, पण ज्याची व्याख्या केलेली नाही ते ‘अनडिफाइन्ड’. ज्याला उत्तरच नाही तो प्रश्न ‘इनसोल्युबल’, पण जो अजून कोणी सोडवलेला नाही तो ‘अनसॉल्व्ह्ड’. मूळ तेच, पण शेवटी ‘ईडी’ आला की उपसर्ग ‘अन’ झाला. ‘आयएनजी’ने संपणाऱ्या (अनइंटरेस्टिंग) आणि ‘फुल’ने संपणाऱ्या (अनहेल्पफुल) विशेषणांनाही बहुधा ‘अन’च लागतो. याउलट ‘एंट’, ‘अंट’ किंवा ‘आयबल’ने संपणारे शब्द ‘इन’कडे झुकतात: इनडिपेंडंट, इनएफिशियंट, इनटॉलरंट, इनव्हिजिबल.

‘एबल’ने संपणाऱ्या शब्दांसाठी एक चाचणी उपयोगी पडते. ‘एबल’ काढून टाका आणि मागे रोजच्या वापरातले इंग्रजी क्रियापद उरते का ते बघा. ‘रिलायेबल’मधून ‘रिलाय’ उरते, ‘बिलीव्हेबल’मधून ‘बिलीव्ह’, ‘अव्हॉइडेबल’मधून ‘अव्हॉइड’. अशांना बहुतेक वेळा ‘अन’. ‘रिस्पॉन्सिबल’ची शेपटी तोडली तर मागे तसे क्रियापद उरत नाही, म्हणून तो ‘इन’कडे जातो आणि पुढे र असल्याने ‘इर’ होतो. ही चाचणी प्रत्येक वेळी लागू पडत नाही. ‘रिप्लेस’ हे सरळ क्रियापद असूनही ‘इरिप्लेसेबल’ रूढ आहे.

‘डिस’चा स्वभाव निराळा आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘दूर, अलग’ असा होता. म्हणून तो लागला की नुसता अभाव नाही, तर विरोध किंवा मोडतोड सूचित होते. शब्दाच्या मुळाशी ‘डिस’ घेणारे क्रियापद किंवा नाम आहे का हे बघावे. ‘डिसओबे’ आहे म्हणून ‘डिसओबीडियंट’, ‘डिसरिस्पेक्ट’ आहे म्हणून ‘डिसरिस्पेक्टफुल’. इथे ‘एंट’ आणि ‘फुल’ या शेपट्या मागे पडतात. ‘डिसऑनेस्ट’ आणि ‘डिसलॉयल’ हे जुन्या फ्रेंचमधून तसेच आले, ते पाठच करायला हवेत. अर्थातला फरक आपल्या परिचयाच्या एका शब्दात स्पष्ट दिसतो. 2008 च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात घरकाम करणाऱ्या बाया, फेरीवाले, शेतमजूर यांच्यासाठी ‘अनऑर्गनाइज्ड वर्कर्स’ हा शब्द होता. ते संघटित नाहीत, एवढेच त्यात सांगितले होते. त्यांना ‘डिसऑर्गनाइज्ड’ म्हटले तर ते गबाळे, अव्यवस्थित आहेत असा आरोप होईल.

‘नॉन’ कोणताही शेरा मारत नाही, फक्त वर्गवारी करतो. वकील नसलेला माणूस ‘नॉनप्रोफेशनल’ सल्ला देतो, त्यात काही वावगे नाही. पण अशिलाचे गुपित फोडणाऱ्या वकिलाचे वागणे ‘अनप्रोफेशनल’. अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने 1938 मध्ये जी चौकशी समिती नेमली, तिच्या नावात ‘अनअमेरिकन’ हा शब्द होता. तिच्यापुढे बहुतेक अमेरिकी नागरिकांनाच बोलावले जाई आणि आरोप असे तो देशविरोधी वागण्याचा. परदेशी माणूस म्हणायचे असते तर ‘नॉनअमेरिकन’ म्हटले असते.

आता एक यादी सोडवू: एक्सपेक्टेड, पेशंट, ऑनेस्ट, मॅच्युअर, रेग्युलर, व्हायोलंट, प्लेझंट. ‘एक्सपेक्टेड’ची शेपटी ‘ईडी’, म्हणून ‘अनएक्सपेक्टेड’. ‘पेशंट’ची ‘एंट’, म्हणून ‘इन’. पुढे प, म्हणून ‘इम्पेशंट’. ‘ऑनेस्ट’ला ‘डिस’, हे स्मरणातून. ‘मॅच्युअर’ आणि ‘रेग्युलर’ यांच्या शेपट्या ठाम काही सांगत नाहीत, पण दोन्ही लॅटिन आहेत आणि ‘इन’ घेतात: ‘इम्मॅच्युअर’, ‘इर्रेग्युलर’. ‘व्हायोलंट’ची शेपटी पाहता ‘इन’ लागेल असे वाटेल, पण रूढ शब्द ‘नॉनव्हायोलंट’ आहे. गांधीजींच्या अहिंसेसाठी हेच मूळ वापरले जाते. ‘प्लेझंट’ची शेपटी ‘अंट’ असूनही तो ‘अनप्लेझंट’ होतो. सातांपैकी दोन शब्द नियमाने थेट सुटले, दोन कुळ माहीत असल्यामुळे आणि तीन केवळ वापराच्या ओळखीमुळे. नियमाची पोच एवढीच आहे. म्हणून पाठांतराचा जोर नियमात न बसणाऱ्या शब्दांवर द्यावा.

स्पेलिंगचा गोंधळही इथेच मिटतो. उपसर्ग आणि शब्द दोघेही आपापली अक्षरे पूर्ण ठेवतात. म्हणून ‘इम्मॉरल’मध्ये दोन ‘एम’, ‘इर्रेग्युलर’मध्ये दोन ‘आर’, ‘अननॅचरल’मध्ये दोन ‘एन’ आणि ‘डिससॅटिस्फाइड’मध्ये दोन ‘एस’. ‘इनॲक्युरेट’मध्ये मात्र एकच ‘एन’, कारण मूळ शब्द ‘ए’ने सुरू होतो.

शेवटी एक खरोखरचा धोका. सुरुवातीचा प्रत्येक ‘इन’ नकाराचा नसतो. ‘इनपुट’मधला ‘इन’ म्हणजे ‘आत’, आणि तो अस्सल इंग्रजी असल्यामुळे प पुढे असूनही ‘इम’ होत नाही. ‘इन्व्हॅल्युएबल’मधला ‘इन’ नकाराचाच आहे, पण त्याचा अर्थ बिनमोलाचे नव्हे, तर अमूल्य. पेट्रोलच्या टँकरवर लिहिलेल्या ‘इनफ्लेमेबल’चा अर्थ ‘पेट घेणारे’ असाच आहे, कारण तो ‘पेटवणे’ या अर्थाच्या ‘इनफ्लेम’वरून आला आहे. लोक त्यातला ‘इन’ नकाराचा समजतील या भीतीने विसाव्या शतकात अमेरिकेतील अग्निसुरक्षा क्षेत्रातल्या मंडळींनी ‘फ्लेमेबल’ या शब्दाचा आग्रह धरला. आज दोन्ही शब्दांचा अर्थ एकच आहे, आणि ‘पेट न घेणारे’ म्हणायचे तर ‘नॉनफ्लेमेबल’ लिहावे लागते.