अखंड चलच्चित्राचा सांधा

समाजमाध्यमांवर एखादे लहानसे चलच्चित्र आपोआप पुनःपुन्हा फिरत राहते. त्याचा शेवट आरंभास बेमालूम कसा मिळतो, ते पाहू.

समजा, एक पाते लाल असलेले भिरभिरे दोन सेकंदांत एक फेरा पुरा करते आणि सेकंदास २४ चित्रे दाखविली जातात. म्हणजे एकूण ४८ चित्रे लागतील व दर चित्रागणिक भिरभिरे ७.५ अंशांनी पुढे सरकेल. पहिले चित्र शून्य अंशांचे धरल्यास अठ्ठेचाळिसावे ३५२.५ अंशांचे होते. नवशिका येथे ३६० अंशांचे एकोणपन्नासावे चित्रही काढतो. परंतु ते व पहिले चित्र एकच असल्यामुळे तीच स्थिती लागोपाठ दोनदा दिसते आणि दर फेऱ्यास भिरभिरे क्षणभर अडखळते. सारांश, अखेरचे चित्र पहिल्यासारखे नसावे. ते त्याच्या एक पाऊल मागे असावे.

गतीही जुळली पाहिजे. भिरभिरे शेवटी मंदावून आरंभी एकदम वेगाने निघाले, तर सांधा उघडा पडतो. याची परीक्षा सोपी आहे. अठ्ठेचाळिसावे, पहिले व दुसरे ही चित्रे एकमेकांवर ठेवून पाहावीत. लाल पात्याची दोन्ही अंतरे सारखीच भरली पाहिजेत.