शांततेचेही सेकंद लिहावे लागतात

श्वसनध्यानाच्या व्हिडिओची संहिता वाचायला मिळाली, तर पहिल्यांदा निराशाच होते. पाच मिनिटांच्या व्हिडिओसाठी जेमतेम दीड पान मजकूर. मात्र डाव्या बाजूला घड्याळाचा रकाना असतो आणि खरं काम त्या रकान्यात असतं.

विश्रांतीत मोठ्या माणसाचे मिनिटाला साधारण 12 ते 20 श्वास होतात. असे व्हिडिओ बहुधा ते सहापर्यंत उतरवतात. चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, म्हणजे दहा सेकंदांचा एक फेरा. इथेच नवशिक्या लेखकाची गफलत होते. ‘आता नाकाने हळूहळू खोल श्वास आत घ्या’ हे संथपणे म्हणायलाच चार सेकंद लागतात. वाक्य संपेपर्यंत श्वास घेण्याची वेळ निघून जाते आणि ऐकणारा मागे पडतो. म्हणून सूचना आधीच्या उच्छ्वासाच्या शेवटी सुरू करायची आणि ‘घ्या’ हा शब्द श्वासाच्या आरंभी पडेल असं बघायचं.

पाच मिनिटांची एक मांडणी पाहू. पहिले 40 सेकंद बसण्याच्या सूचना, पुढचे 20 नुसता नेहमीचा श्वास न्याहाळायला. मग दोन मिनिटांत बारा फेरे. पहिल्या चारांना पूर्ण वाक्यं, पुढच्या चारांना फक्त ‘घ्या’ आणि ‘सोडा’, शेवटच्या चारांना आवाजच नाही. पडद्यावर एक वर्तुळ तेवढं त्याच लयीत फुलतं आणि मिटतं. बहुतेकांचे डोळे तोवर मिटलेले असतात, त्यामुळे एकही सूचना केवळ चित्रावर सोडायची नाही. दृश्यही मध्येच बदलायचं नाही. मिटल्या पापण्यांनाही उजेडातला फरक कळतो.

उरलेल्या दोन मिनिटांत 90 सेकंद संपूर्ण शांतता असते आणि 30 सेकंद परतण्यासाठी. ही शांतता आधी सांगूनच द्यावी लागते: ‘आता थोडा वेळ मी बोलणार नाही, घंटा वाजली की परत येऊ.’ हे वाक्य गाळलं, तर व्हिडिओ अडकला की काय म्हणून माणूस डोळे उघडतो. शिवाय ध्वनिपट्टी कोरी ठेवायची नसते. जिथे आवाज मुद्रित केला, त्याच खोलीतली रिकामी हवा मिनिटभर मुद्रित करून तिथे भरतात. नाहीतर आवाज तुटल्यासारखा वाटतो.

इगतपुरीच्या धम्मगिरीत सत्यनारायण गोयंका यांच्या मुद्रित सूचना 2013 मध्ये त्यांचं निधन झाल्यानंतरही लावल्या जातात. मोजक्या सूचना आणि मध्ये दीर्घ मौन, हीच त्यांची रीत.

चार-सहाची लय सगळ्यांना झेपत नाही. जोर लावून खोल श्वास घेतले, तर चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. तेव्हा ‘जमत नसेल तर मोजणं सोडा, नेहमीसारखा श्वास घ्या’ हे वाक्य फेरे सुरू होण्याआधीच असायला हवं. तुम्ही ऐकता त्या व्हिडिओत ते नसेल, तर स्वतःला तेवढं सांगूनच डोळे मिटा.