कोपरा का फुगतो?

थ्रीडी प्रिंटरवर एक साधी चौकोनी डबी छापली, की तिच्या बाजू सरळ आणि गुळगुळीत येतात, पण चारही कोपरे बोटाला किंचित फुगलेले लागतात. झाकण बाजूंना व्यवस्थित बसते आणि कोपऱ्यांवर अडते. मग बहुतेक जण एकच उपाय करतात: जास्त प्लॅस्टिक पडतेय असे समजून स्लायसरमध्ये फ्लो दोन-चार टक्क्यांनी कमी करतात. कोपरे थोडे बरे होतात, पण आता बाजू बारीक पडतात आणि भिंत कमकुवत होते. निदानच चुकलेले असते. प्लॅस्टिक जास्त पडत नाही, ते चुकीच्या वेळी पडते.

प्रिंटरमध्ये एक्स्ट्रूडरचा दातेरी गिअर 1.75 मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिकची तार, म्हणजे फिलामेंट, पुढे ढकलतो. ती तापलेल्या नोझलमध्ये वितळते आणि साधारण 0.4 मिलिमीटरच्या छिद्रातून बाहेर येते. वितळलेले प्लॅस्टिक घट्ट असते, त्यामुळे ते बाहेर काढायला आत दाब लागतो आणि वेग जितका जास्त तितका दाबही जास्त. हा दाब तयार होताना वरची तार स्प्रिंगसारखी किंचित दबते. वेग वाढला, तर आधी ही स्प्रिंग दबते आणि मग पुरेसे प्लॅस्टिक बाहेर येते. वेग कमी झाला, तर गिअर मंदावला तरी दबलेली स्प्रिंग मोकळी होईपर्यंत प्लॅस्टिक येतच राहते. मेंदी काढणारी बाई रेघ संपायच्या जरा आधीच कोनावरचा अंगठा सैल सोडते, ते याचसाठी. शेवटपर्यंत तेवढेच दाबले, तर टोकाला ठिपका पडतो.

प्रिंटर कोपऱ्यावर येताना वेग कमी करतो, म्हणून तिथे हा ठिपका पडतो. कोपरा वळून पुन्हा वेग घेताना उलटे होते आणि पुढचे काही मिलिमीटर रेघ बारीक राहते. कोपऱ्यावर जे वाढले ते या सुरुवातीतून कमी झालेले असते, एकूण हिशेब बरोबरच असतो. सरळ भिंतीतही वेग बदलला की हेच घडते. 20 मिमी प्रतिसेकंदाने सुरू करून मध्ये 100 आणि शेवटी पुन्हा 20 अशी एकच रेघ छापून पाहा. 100 चा टप्पा सुरू होतो तिथे रेघ कृश दिसते आणि तो संपतो तिथे जाडसर.

यावरचा उपाय म्हणजे प्रेशर अ‍ॅडव्हान्स. क्लिपर या फर्मवेअरमध्ये त्याचे हेच नाव आहे, तर मार्लिनमध्ये याच तत्त्वाला लिनिअर अ‍ॅडव्हान्स म्हणतात. वेग वाढत असताना एक्स्ट्रूडर नेहमीपेक्षा थोडी जास्त तार आत ढकलतो आणि वेग उतरत असताना तेवढीच कमी ढकलतो, प्रसंगी मागेही खेचतो. किती, ते एका आकड्यावर ठरते. हा आकडा सेकंदांत असतो, आणि त्याला तारेच्या वेगाने गुणले की आगाऊ ढकलायची लांबी मिळते.

समजा, आकडा 0.045 आहे. थर 0.2 मिमी उंचीचा, रेघ 0.45 मिमी रुंदीची आणि वेग 100 मिमी प्रतिसेकंद धरला, तर तार सेकंदाला सुमारे 3.7 मिमी आत जाते. तिला 0.045 ने गुणले की 0.17 मिमी. एवढीशीच तार, पण तिचे छापील रेघेत रूपांतर केले, तर ती साडेचार मिमी भरते. (सोपा हिशेब: 100 गुणिले 0.045.) कोपऱ्यावर वेग 5 पर्यंत उतरत असेल, तर साधारण 4.3 मिमी रेघेचे प्लॅस्टिक नोझलमध्ये शिल्लक उरते. आणि प्रवेग 3000 असेल, तर हा सगळा वेग केवळ 1.7 मिमी अंतरात उतरतो. त्या शिलकीतला जो भाग बाहेर येतो, तो एवढ्याशा जागेत पडतो. कोपरा फुगणारच.

योग्य आकडा शोधायला क्लिपरच्या दस्तऐवजांत `square_tower.stl` नावाचा चौकोनी मनोरा दिला आहे. त्याआधी एक्स्ट्रूडरचे मोजमाप आणि नोझलचे तापमान नक्की करून घ्यावे, कारण ती चुकीची असतील तर मनोरा त्यांचीच चूक दाखवेल. स्लायसरमध्ये वेग 100 ठेवा, आतली भरण शून्य करा आणि थर जाडसर घ्या, 0.4 च्या नोझलला 0.3 मिमी. कोस्टिंगसारखे पर्याय बंद करा, एकाच दुखण्यावर दोन औषधे नकोत. छापण्याआधी हे दोन आदेश द्या:

```
SET_VELOCITY_LIMIT SQUARE_CORNER_VELOCITY=1 ACCEL=500
TUNING_TOWER COMMAND=SET_PRESSURE_ADVANCE PARAMETER=ADVANCE START=0 FACTOR=.005
```

पहिला आदेश मुद्दाम दोष मोठा करून दाखवतो. प्रवेग 500 वर आणल्याने 100 चा वेग उतरायला जवळजवळ दहा मिमी लागतात आणि 1.7 मिमीत दडलेली गडबड डोळ्यांना दिसेल इतकी पसरते. दुसऱ्या आदेशाने मनोरा जसा वर चढतो तसा आकडा दर मिलिमीटरला 0.005 ने वाढत जातो. एक्स्ट्रूडर थेट नोझलवर बसवलेला असेल, तर हे प्रमाण चालते. तो लांब असून तार बोडन नळीतून येत असेल, तर `.020` घ्यावे, कारण लांब नळीत तार जास्त दबते.

मनोरा गार झाला की बाजूने टॉर्चचा तिरपा उजेड टाकून कोपरे पाहा. तळाशी ते फुगलेले दिसतील. वर जाता जाता ते धारदार होतील. आणखी वर गेल्यावर दोष उलटतो: कोपऱ्याच्या अलीकडे भिंत खोलगट किंवा तुटक होते आणि कोपरा वळल्यावर जाड होते. ज्या कोपऱ्यावर थराचा जोड आला असेल, तो सोडून द्यावा. तिथला फुगवटा वेगळ्या कारणाचा असतो. उत्तम कोपरा तळापासून 9 मिमी उंचीवर दिसला, तर 9 गुणिले 0.005 म्हणजे 0.045. दोन उंचींमध्ये मन अडले, तर खालची घ्या. मग `printer.cfg` मधल्या `[extruder]` विभागात लिहा:

```
pressure_advance: 0.045
```

आणि `RESTART` द्या, म्हणजे चाचणीसाठी उतरवलेला प्रवेगही पूर्ववत होईल.

या उपायाला मर्यादा आहेत. वेग दुप्पट झाला की दाबही दुप्पट, असे यात गृहीत धरले आहे. वितळलेले प्लॅस्टिक इतके सरळ वागत नाही. 60 च्या वेगाला नेमका बसलेला आकडा 300 ला थोडा जास्त ठरू शकतो. म्हणून बाहेरची भिंत ज्या वेगाने छापता, त्याच्या आसपासच चाचणी घेणे मला योग्य वाटते, कारण लोकांना दिसते ती भिंत तीच. कोपऱ्यानंतर भिंतीवर लाटांसारख्या सावल्या उमटत असतील, तर ती यंत्राची थरथर आहे. तिला इनपुट शेपर लागतो, इथला आकडा कितीही फिरवला तरी ती जाणार नाही. अख्खी भिंतच सगळीकडे सारखी जाड असेल, तेव्हा मात्र फ्लोकडे वळा.

पीएलएला मिळालेला आकडा टीपीयूला चालत नाही, कारण लवचिक तार कितीतरी जास्त दबते. नोझल बदलले, तापमान दहा-पंधरा अंशांनी हलवले, तरी आकडा सरकतो. त्यामुळे तो प्रत्येक फिलामेंटच्या सुरुवातीच्या जी-कोडमध्ये `SET_PRESSURE_ADVANCE ADVANCE=0.045` असा ठेवलेला बरा. आणि रिळावर मार्करने आकडा लिहाल, तेव्हा शेजारी तापमान आणि नोझलचा व्यासही लिहा.