घोषणा ऐकू येते. पण समजते काय?

व्यापारी संकुलात, म्हणजे मॉलमध्ये, आग लागल्यास केवळ घंटा वाजवून भागत नाही. कोणत्या जिन्याने बाहेर पडावे, हे लोकांना शब्दांत सांगावे लागते. परंतु संकुलाच्या मधल्या उंच चौकात घोषणा ऐकू येऊनही पुष्कळदा समजत नाही. काच, फरशी व काँक्रीट यांवरून परतणारा ध्वनी हे त्याचे कारण होय.

समजा, चौकाचे घनफळ २०,००० घनमीटर असून तेथील ध्वनिशोषण ८०० चौरस मीटर पूर्ण शोषक पृष्ठभागाइतके आहे. सेबाइनच्या सूत्रानुसार (०.१६१ × २०,००० ÷ ८००) ध्वनिपातळी ६० डेसिबलने उतरण्यास सुमारे ४ सेकंद लागतात. तोवर पुढचे अनेक शब्द मागच्या शब्दांच्या निनादात बुडालेले असतात. आवाज वाढविल्यास निनादही तितकाच वाढतो.

म्हणून छताला शोषक फलक लावून शोषण दुप्पट करावे. म्हणजे हा काळ २ सेकंदांवर येतो. शिवाय छतावरील मोजक्या कर्ण्यांऐवजी प्रत्येक मजल्याच्या सज्जाखाली, लोकांच्या जवळ, लहान ध्वनिक्षेपक बसवावेत. त्यायोगे थेट ध्वनी निनादापेक्षा ठळक राहतो.

वाणीची सुबोधता ० ते १ या निर्देशांकाने मोजतात व साधारणतः ०.५ अपेक्षितात. मोजणी रात्री रिकाम्या इमारतीत झाली असल्यास गर्दीचा गोंगाट हिशेबात धरल्याखेरीज तो आकडा ग्राह्य मानू नये. सणासुदीच्या गर्दीत तोच आकडा खाली घसरतो.