शिक्षकाला टेम्प्लेट देण्याआधी शेवटच्या बाकावर बसा

विरारच्या एका क्लासवाल्या सरांना मी टेम्प्लेट बनवून दिलं. लॅपटॉपवर मस्त दिसलं, वर्गात मागच्या मुलांना वाचताच येईना. चूक माझीच होती. आता मी डिलिव्हरीआधी काय तपासतो ते सांगतो.

आधी अंतर मोजा. साधा हिशोब असा, की अक्षराची उंची अंतराच्या दोनशेव्या भागाएवढी तरी हवी. शेवटचा बाक ८ मीटरवर असेल तर ४ सेंटीमीटर. सरांच्या पडद्यावर २४ पॉइंटचं मराठी अक्षर पट्टीने मोजलं, तर भरलं २.५ सेंटीमीटर. म्हणजे २४ × ४ ÷ २.५ = ३८.४, म्हणून मी ४० पॉइंट ठेवला.

पडदा अजून बघितला नसेल तर घरीच करा. पडद्यावरचं चित्र १८० सेंटीमीटर रुंद आणि लॅपटॉपवरचं ३० असेल, तर सहापट फरक. मग ८ मीटरऐवजी सव्वा मीटरहून थोडं लांब उभं राहून वाचा.

रंगाची परीक्षा मात्र लॅपटॉपवर होत नाही. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, फक्त प्रकाश टाकतो. ट्यूबलाइट चालू असली की पडद्यावरचा काळाही राखाडी होतो. पांढऱ्यावर `#999999` राखाडीचा कॉन्ट्रास्ट जेमतेम २.८ येतो, वेबसाइटसाठीच किमान ४.५ मागतात. मी `#333333` घेतला, तो १२ च्या वर जातो.

शेवटी `Slide Master` मध्ये `Do not Autofit` निवडा. नाहीतर सरांनी दोन ओळी जास्त टाकल्या की तुमचे ४० पॉइंट गुपचूप कमी होतात.