आईला अंगठी, की अंगठी आईला?

जर्मन शिकणारा मराठी विद्यार्थी पहिल्या काही महिन्यांत विभक्तींशी झगडतो. विभक्ती जमल्या, की पुढचा पेच येतो तो क्रमाचा. एकाच वाक्यात ‘कोणाला’ आणि ‘काय’ अशी दोन कर्मं आली, तर आधी कोणतं बोलायचं?

‘मी आईला अंगठी भेट देतो’ हे वाक्य घेऊ. ‘इश शेंके माइनर मुटर डेन रिंग.’ दोन्ही नामं आहेत, म्हणून आधी चतुर्थीतली आई आणि मग द्वितीयेतली अंगठी. हा क्रम मराठीसारखाच, त्यामुळे इथे कुणी अडत नाही.

आता आईच्या जागी ‘तिला’ घालू: ‘इश शेंके ईर डेन रिंग.’ क्रम तोच राहिला. पण सर्वनाम अंगठीसाठी वापरलं, की ते उडी मारून पुढे येतं: ‘इश शेंके ईन माइनर मुटर.’ म्हणजे विभक्ती कोणतीही असो, सर्वनाम नामाच्या आधी. आणि दोन्ही सर्वनामं असतील तर मूळ क्रम चक्क उलटतो. ‘इश शेंके ईन ईर’, आधी द्वितीया, मग चतुर्थी. ‘इश शेंके ईर ईन’ म्हणालात तर अर्थ कळेल, पण जर्मन कानाला खटकेल.

यामागे एक साधी प्रवृत्ती आहे. ज्याचा उल्लेख होऊन गेला, ते सर्वनामाने थोडक्यात उरकायचं आणि क्रियापदाजवळ ठेवायचं. नवं किंवा लांबलचक असेल ते मागे ढकलायचं. ओटो बेहागेल या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने 1909 मध्ये लहान घटक आधी आणि मोठे नंतर येण्याचा नियमच मांडला होता. सर्वनामांची ही ओढ इतकी तीव्र, की कधी ती कर्त्यालाही मागे टाकतात: ‘गेस्टर्न हाट ईन ईर डेर फाटर गेशेंक्ट’, म्हणजे काल ती तिला वडिलांनी भेट दिली. इथे वडील दोन्ही सर्वनामांच्या मागे उभे आहेत. कर्ता ‘तो’ असता, तर मात्र तो त्यांच्याही पुढे राहिला असता.

मराठी माणसाची खरी चूक इथे होते. आपल्या ‘-ला’ प्रत्ययाला द्वितीया-चतुर्थीचा भेद करावा लागत नाही आणि शब्द मागेपुढे केले तरी चालतात, म्हणून ‘ईन’ आणि ‘ईर’ यांची अदलाबदल झालेली आपल्याला जाणवतही नाही. माझ्या मते तक्ता पाठ करण्यापेक्षा आधी वस्तूचं सर्वनाम ओळखण्याची सवय बरी. ते दिसलं, की दुसऱ्या कर्माच्या पुढे न्यायचं.

फक्त एक सावधगिरी. दुकानात एका अंगठीकडे बोट दाखवून ‘तिला हीच देतो’ म्हणायचं असेल, तर ‘इश शेंके ईर डेन’. हे दर्शक सर्वनाम जोर देऊन उच्चारलं जातं, त्यामुळे ते पुढे धावत नाही. ‘ईर’च्या मागेच थांबतं.