सूक्ष्म अध्यापन : सहा मिनिटांचा पाठ आणि त्यानंतरचं खरं काम

बी.एड. किंवा डी.एड. करताना आपण सगळ्यांनीच सूक्ष्म अध्यापनाचे पाठ घेतले आहेत. पाच-सहा सहाध्यायी 'विद्यार्थी' बनून समोर बसलेले, हातात निरीक्षण तक्ता घेतलेले प्राध्यापक, आणि घड्याळाकडे बघत उरकलेला सहा मिनिटांचा पाठ. बऱ्याच जणांच्या मनात त्याची आठवण एवढीच उरते. पालकांना तर हा शब्द फारसा माहीतही नसतो. म्हणून आज यातला एकच भाग जरा सावकाश पाहू : पाठ आणि पुनर्पाठ यांच्या मध्ये नेमकं काय घडायला हवं?

पद्धतीचा उगम 1963 सालचा, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातला. ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अध्यापनाचे तुकडे केले : वेळ कमी, विद्यार्थी कमी, आशय कमी आणि एका वेळी एकच कौशल्य. आपल्याकडे एनसीईआरटीने जे रूप रूढ केलं, त्यात पाठ 6 मिनिटं, प्रत्याभरण 6, पुनर्नियोजन 12, पुनर्पाठ 6 आणि पुन्हा प्रत्याभरण 6, असं एकूण 36 मिनिटांचं चक्र आहे. म्हणजे साधारण एक तासिकाच. यात सर्वांत जास्त वेळ पुनर्नियोजनाला दिलाय, पाठाच्या दुप्पट. आणि प्रत्यक्षात नेमका तोच भाग गाळला जातो. पाठ होतो, 'छान झाला, आवाज थोडा मोठा हवा' असा शेरा मिळतो आणि पुनर्पाठ फक्त जर्नलमध्ये लिहिला जातो!

शोधक प्रश्नांचं कौशल्य घेऊन हे पाहू. शोधक प्रश्न म्हणजे मुलाच्या उत्तरानंतर, त्या उत्तराला धरून विचारलेला प्रश्न. उत्तर आलंच नाही किंवा चुकलं, तर वाट दाखवणारा सूचक प्रश्न. उत्तर अर्धवट असेल तर 'आणखी सांग'. उत्तर बरोबर असेल तर 'कशावरून म्हणतोस?' किंवा 'हेच आणखी कुठे दिसतं?'. आणि तोच प्रश्न दुसऱ्या मुलाकडे वळवणं, हाही याचाच भाग. गंमत अशी, की हे प्रश्न आधी पूर्ण लिहून ठेवता येत नाहीत. मूल काय बोलेल त्यावर ते ठरतात. म्हणूनच ते सरावाशिवाय जमत नाहीत.

समजा, एक छात्राध्यापिका बाष्पीभवनावर पाठ घेते आहे. समोर सहा मुलं. ती विचारते, "फरशीवर सांडलेलं पाणी थोड्या वेळाने दिसत नाही. कुठे जातं?" एक मुलगा म्हणतो, "फरशीत मुरतं." ती म्हणते, "नाही. दुसरं कोण सांगेल?" दुसरी मुलगी म्हणते, "हवेत जातं." "शाब्बास! यालाच बाष्पीभवन म्हणतात." आणि पाठ पुढे सरकतो.

पाठ वाईट नाही. मुलं बोलली, संकल्पना आली, वेळेत संपला. पण निरीक्षकाचा तक्ता काय सांगतो ते बघा : सहा मिनिटांत 9 प्रश्न, त्यातले 8 नवे मुख्य प्रश्न, दुसऱ्या मुलाकडे वळवलेला 1, सूचक शून्य, 'आणखी सांग' शून्य, 'कशावरून' शून्य. आता प्रत्याभरणात 'शोधक प्रश्न वाढवा' एवढंच सांगितलं तर तिच्या हाती काहीच लागत नाही. निरीक्षकाने नेमकी जागा दाखवायला हवी : "तो मुलगा 'मुरतं' म्हणाला, तिथे तुम्ही थांबला नाहीत. त्याला अजूनही पाणी मुरलंय असंच वाटतं." जे ऐकलं ते त्याच शब्दांत लिहून ठेवणं हे निरीक्षकाचं खरं काम. शेरे मारणं सोपं असतं, मुलांचे शब्द टिपणं कठीण.

मग पुनर्नियोजनाची 12 मिनिटं. या वेळात अख्खा पाठ नव्याने लिहायचा नाही. आपली छात्राध्यापिका दोनच गोष्टी करते. मुख्य प्रश्न 8 वरून 3 वर आणते, कारण नऊ प्रश्नांच्या घाईत कोणत्याच उत्तरामागे जायला जागा नव्हती. आणि मुलांकडून येऊ शकतील अशी दोन-तीन उत्तरं लिहून प्रत्येकापुढे एक प्रश्न मांडते. 'मुरतं' म्हटलं तर, "हेच पाणी स्टीलच्या ताटात सांडलं असतं तर?" 'हवेत जातं' म्हटलं तर, "जाताना दिसलं का? मग कशावरून?"

पुनर्पाठ दुसऱ्या सहा मुलांसमोर. हे महत्त्वाचं आहे, कारण पहिल्या गटाला उत्तर आता माहीत झालंय. या वेळी एक मुलगी भलतंच म्हणते, "सूर्याने ओढून घेतलं." हे उत्तर कागदावर नव्हतं. छात्राध्यापिका क्षणभर थांबते आणि विचारते, "रात्री दोरीवर टाकलेले कपडे सकाळी कसे असतात?" "वाळलेले... म्हणजे नुसत्या उन्हाने नाही. पंख्याखाली पण वाळतात." एक सूचक प्रश्न, आणि मुलगी स्वतःच पुढे गेली. या वेळचा तक्ता : मुख्य प्रश्न 3, शोधक 6. पण दुसरं प्रत्याभरण इथेही एक उणीव दाखवतं. सहापैकी पाच शोधक प्रश्न त्याच मुलीला होते, बाकीची मुलं नुसती बघत होती. म्हणजे पुढच्या चक्राचं लक्ष्य ठरलं : प्रश्न वळवणं.

मघाशी 'क्षणभर थांबते' म्हटलं, तेही टिपण्यासारखं आहे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेला असं आढळलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद वाट बघतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की मुलांची उत्तरं लांबतात. निरीक्षकाने मनात तीन आकडे मोजले तरी हे तपासता येतं.

आता अडचण. महाविद्यालयात समोर खरी मुलं नसतात, सहाध्यायी असतात आणि ते मैत्रीखातर बरोबरच उत्तरं देतात. मग शोधायचं काय? यावर साधा उपाय म्हणजे दोघा-तिघांना पाठाआधी गुपचूप चिठ्ठीवर चुकीचं किंवा अर्धवट उत्तर देऊन ठेवणं. शिकवणाऱ्याला मात्र ते माहीत नको. आणि हेही मान्य करायला हवं, की सहा जणांसमोर जमलेलं कौशल्य पन्नास-साठ मुलांच्या वर्गात जसंच्या तसं जमत नाही. तिथे एका मुलामागे तीन प्रश्न विचारले तर मागच्या बाकांवर गडबड सुरू होते. म्हणून सराव पाठांत पहिल्यांदा एका तासिकेत दोनच ठिकाणी खोलात जायचं ठरवावं.

कौशल्य बदललं की तक्ताही बदलतो. स्पष्टीकरणाचा सराव असेल तर प्रश्न मोजायचे नाहीत. तिथे 'कारण', 'म्हणून', 'त्यामुळे' असे जोडणारे शब्द किती आले, विषय सोडून किती वाक्यं गेली, 'वगैरे', 'असं काहीतरी' किती वेळा आलं, हे मोजायचं. शाळेत नोकरी करणाऱ्यांनाही हे जमण्यासारखं आहे. दोन सहकारी, टेबलावर ठेवलेला मोबाइल, पाच-सहा मुलं आणि सहा मिनिटं. रेकॉर्डिंग ऐकताना आधी स्वतःचे प्रश्न कागदावर उतरवा, मग मुलांची उत्तरं. दोन्ही रांगा शेजारी ठेवल्या, की कोणत्या उत्तरापाशी आपण थांबायला हवं होतं ते बहुधा निरीक्षकाने सांगायच्या आतच दिसतं.